फ्लोटिंग व्होल्टेज सोर्स आणि सुपरनोड: व्होल्टेजचा फरक जुळतो, तरी उत्तर चुकते तेव्हा काय तपासावे

बेळगावात डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या सुरुवातीच्या वर्षांतील मुलांना सर्किट हा विषय शिकवताना नोड व्होल्टेज पद्धतीतील एक अडचण दरवर्षी नव्याने समोर येते. खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून येणाऱ्या या मुलांपैकी बरीच जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. ओहमचा नियम आणि केसीएल, म्हणजे किरचॉफचा करंटचा नियम, त्यांना पक्के ठाऊक असतात, ग्राउंडला जोडलेला व्होल्टेज सोर्सही ती सहज हाताळतात. परंतु ज्याचे एकही टोक ग्राउंडला नाही असा, म्हणजे फ्लोटिंग, व्होल्टेज सोर्स दोन नोडांच्या मधे आला, की त्याच सर्किटची एका बाकावर तीन वेगळी उत्तरे निघतात, आणि प्रत्येक जण आपले उत्तर बरोबर असल्याचा पुरावाही दाखवतो. तो पुरावा का अपुरा आहे आणि चूक नेमकी कुठे शोधावी, हे एकाच सर्किटवरून सविस्तर मांडत आहे.

सर्किट असे आहे. ग्राउंड हा रेफरन्स नोड आहे. नोड ३ आणि ग्राउंड यांच्यामध्ये २४ व्होल्टचा सोर्स असून त्याचे धन टोक नोड ३ वर आहे. नोड ३ पासून नोड १ पर्यंत ४ ओहमचा रेझिस्टर आहे. नोड १ पासून ग्राउंडला १२ ओहमचा आणि नोड २ पासून ग्राउंडला ३ ओहमचा रेझिस्टर जोडलेला आहे. नोड १ आणि नोड २ यांच्यामध्ये ६ व्होल्टचा सोर्स आहे, त्याचे धन टोक नोड १ वर आहे, आणि याच सोर्सला समांतर असा ६ ओहमचा एक रेझिस्टरही त्या दोन नोडांमध्येच आहे. हा शेवटचा रेझिस्टर मी मुद्दाम ठेवला आहे, कारण निम्मा गोंधळ त्याच्याभोवतीच होतो. पुढे वाचण्याआधी वहीत हे सर्किट काढून घ्यावे.

नोड ३ चे व्होल्टेज २४ आहे हे उघड आहे, त्यामुळे तिथे केसीएल लिहिण्याची गरज नाही. अज्ञात राहतात ती v1 आणि v2, म्हणजे समीकरणे दोनच हवीत. त्यांपैकी एक समीकरण सोर्स स्वतःच देतो:

```
v1 - v2 = 6
```

इथपर्यंत कुणाचे चुकत नाही. दुसरे समीकरण कोणते घ्यावे, इथे वाटा फुटतात. एक विद्यार्थी नोड १ ची केसीएल लिहितो आणि त्या नोडला लागलेल्या तीन रेझिस्टरांचे करंट त्यात घालतो:

```
(v1 - 24)/4 + v1/12 + (v1 - v2)/6 = 0
```

वरच्या फरकाच्या समीकरणासह हे सोडवले, की v1 = 15 आणि v2 = 9 येते. शेजारचा विद्यार्थी नोड २ निवडतो, तिथल्या दोन रेझिस्टरांचे करंट लिहितो, आणि त्याला v1 = 9, v2 = 3 मिळते. एकाच सर्किटची ही दोन उत्तरे समोरासमोर ठेवली, की मुले नेहमी एकच प्रश्न विचारतात: "सर, दोघांचाही फरक सहाच येतोय की, मग चुकलं कुणाचं?"

चुकले दोघांचेही. फरक ६ येणे हा पुरावा ठरत नाही, कारण तो फरक आपणच समीकरण म्हणून आत घातलेला आहे. जी अट सोडवणुकीत वापरली, ती उत्तरात पाळली जाणारच; त्यातून फक्त बेरीज-वजाबाकी बरोबर केली एवढेच कळते. दुसरे समीकरण कितीही चुकीचे लिहिले तरी फरक ६ च राहील.

दोन्ही वह्यांमधील खरी उणीव एकच आहे. नोड १ ला चार गोष्टी जोडलेल्या आहेत: ४ ओहम, १२ ओहम, ६ ओहम आणि ६ व्होल्टचा सोर्स. केसीएलमध्ये मात्र तीनच करंट आले. सोर्समधून वाहणारा करंट लिहायचा राहून गेला, आणि न लिहिलेला करंट म्हणजे शून्य मानलेला करंट. हा करंट मुद्दाम कुणी शून्य धरत नाही. रेझिस्टर दिसला की व्होल्टेजचा फरक भागिले रोध हे हाताला सवयीचे झालेले असते. व्होल्टेज सोर्सला भागायला रोधच नाही, म्हणून त्याचा करंट कसा लिहावा हे सुचत नाही आणि तो पदच गळून पडतो. काही जण सोर्सचा रोध शून्य म्हणून (v1 - v2 - 6)/0 असेही लिहून पाहतात. हे अंशात शून्य आणि छेदातही शून्य असे पद होते, आणि त्यातून करंटबद्दल काहीच निष्पन्न होत नाही. आदर्श व्होल्टेज सोर्सचा करंट त्याच्या स्वतःच्या व्होल्टेजवरून कधीच ठरत नसतो. बाहेरचे सर्किट जेवढा मागेल किंवा ढकलेल तेवढा तो असतो. म्हणूनच तो स्वतंत्र अज्ञात आहे.

तो शून्य मानल्याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. फरकाची अट बाजूला ठेवून, सोर्सचा करंट न लिहिता, दोन्ही नोडांची केसीएल सोडवली तर v1 = 13.5 आणि v2 = 4.5 येते आणि फरक ६ ऐवजी ९ निघतो. हे उत्तर चुकीच्या सर्किटचे बरोबर उत्तर आहे: ६ व्होल्टचा सोर्स उपटून काढला आणि त्याची जागा मोकळी सोडली, तर नोडांवर हीच व्होल्टेजे येतील. ९ हा आकडा लक्षात ठेवावा, प्रयोगशाळेच्या टेबलावर तो पुन्हा भेटणार आहे.

आता उणीव भरून काढू. सोर्समधून नोड १ कडून नोड २ कडे जाणाऱ्या करंटला i असे नाव देऊ. तो खरोखर त्या दिशेने जातो की उलट, याची चिंता आत्ता करू नये. उलट असेल तर उत्तर ऋण येईल. नोडातून बाहेर जाणारे करंट धन, हा संकेत मात्र शेवटपर्यंत सांभाळावा.

```
नोड १:  (v1 - 24)/4 + v1/12 + (v1 - v2)/6 + i = 0
नोड २:  v2/3 + (v2 - v1)/6 - i = 0
```

जो करंट नोड १ मधून बाहेर पडतो तोच नोड २ मध्ये शिरतो, म्हणून पहिल्या ओळीत अधिक i आणि दुसऱ्या ओळीत वजा i. आता अज्ञात तीन झाली, v1, v2 आणि i, आणि समीकरणेही तीन झाली. हे असेच सोडवले तरी चालते. पण या दोन ओळींची बेरीज केली की i आपोआप नाहीसा होतो आणि उरते ते असे:

```
(v1 - 24)/4 + v1/12 + v2/3 = 0
```

सुपरनोड म्हणजे ही बेरीज, त्यापलीकडे काही नाही. सर्किटच्या चित्रात नोड १ आणि नोड २ यांना मिळून एक बंद तुटक रेषा काढतात आणि त्या रेषेला ओलांडणाऱ्या करंटांचीच केसीएल लिहितात, तेव्हा मनातल्या मनात हीच बेरीज केलेली असते. एका वाड्याला दोन चौक असले तरी वाड्यात आलेली आणि वाड्याबाहेर गेलेली माणसे बाहेरच्या दारांवर मोजता येतात. एका चौकातून दुसऱ्या चौकात कोण गेले याचा त्या मोजणीशी संबंध नसतो. सोर्समधील करंट हा असा आतल्या आत जाणारा करंट आहे. नवशिक्या विद्यार्थ्याने निदान सुरुवातीच्या काही उदाहरणांत तरी i घालून दोन्ही ओळी पूर्ण लिहाव्यात आणि मगच बेरीज करावी, असे माझे ठाम मत आहे. तुटक रेषा थेट काढायला शिकवले, की ती रेषा का चालते हे समजत नाही, आणि जे समजलेले नसते ते थोडे वेगळे सर्किट आले की हमखास चुकते.

वरच्या समीकरणाला १२ ने गुणले की 3v1 - 72 + v1 + 4v2 = 0, म्हणजे v1 + v2 = 18. सोबत v1 - v2 = 6. उत्तर v1 = 12 आणि v2 = 6.

या समीकरणात ६ ओहमचा रेझिस्टर कुठेच नाही, आणि इथे दुसरी नेहमीची चूक सुरू होते. मुलांना वाटते की एखादा रेझिस्टर वगळला तर उत्तर अपुरे राहील, म्हणून ती सुपरनोडच्या समीकरणात (v1 - v2)/6 हे पद एकदा जोडून टाकतात. पण बेरजेकडे पुन्हा पाहावे. नोड १ च्या ओळीत हे पद (v1 - v2)/6 असे आणि नोड २ च्या ओळीत (v2 - v1)/6 असे आहे; दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, अगदी i सारखीच. ज्या घटकाची दोन्ही टोके तुटक रेषेच्या आत आहेत, त्याचे पद सुपरनोडच्या केसीएलमध्ये येत नाही, मग तो सोर्स असो वा रेझिस्टर. ते पद एकदाच घातले तर v1 = 10.5 आणि v2 = 4.5 येते. फरक इथेही ६ च आहे, म्हणजे चूक पुन्हा झाकलेली राहते.

याचा भौतिक अर्थही नीट समजून घ्यावा. आदर्श व्होल्टेज सोर्सला समांतर कितीही रोध जोडला, ६ ओहम काय किंवा ६०० ओहम काय, त्या दोन नोडांची व्होल्टेजे बदलत नाहीत, कारण त्यांच्यातला फरक सोर्सने आधीच बांधून ठेवलेला आहे. बदलतो तो फक्त सोर्सचा स्वतःचा करंट. म्हणून तो रेझिस्टर v1 आणि v2 काढताना सोडून द्यावा, पण सोर्सचा करंट किंवा त्याची पॉवर विचारली असेल तेव्हा तो विसरून चालणार नाही. परीक्षेतल्या प्रश्नाचा पहिला भाग नोड व्होल्टेजचा आणि दुसरा सोर्सच्या पॉवरचा असेल, तर पहिल्या भागात सोडलेला रेझिस्टर दुसऱ्या भागातही सोडून देण्याची चूक सहज होते.

तिसरी चूक अशी, की सुपरनोड म्हणजे एकच नोड, म्हणून त्याला एकच व्होल्टेज, असे धरून १२ ओहम आणि ३ ओहम दोन्हींना तेच v लावले जाते. तेव्हा v = 9 येते. हे ६ व्होल्टच्या सोर्सच्या जागी सरळ तार जोडल्याचे उत्तर आहे. तुटक रेषेच्या आत दोन व्होल्टेजे तशीच वेगवेगळी असतात. जो रेझिस्टर ज्या नोडला टेकला आहे, त्याच्या पदात त्याच नोडचे व्होल्टेज लिहायचे. चित्रावर पेन्सिलने प्रत्येक रेझिस्टरच्या टोकाशी v1 किंवा v2 लिहून ठेवले की ही चूक उरत नाही.

चौथी चूक चिन्हाची. सोर्सचे धन टोक नोड १ वर आहे, म्हणून v1 - v2 = 6. घाईत v2 - v1 = 6 लिहिले गेले, तर v1 = 6 आणि v2 = 12 येते. इथे बेरीज १८ जुळते, कारण सुपरनोडची केसीएल बरोबर आहे. चुकले ते अटीत. हे उत्तर सोर्स उलटा बसवलेल्या सर्किटचे आहे. पॉवरचा हिशेब केला तर तोही जुळेल, कारण उलट्या सोर्सचे ते एक खरेखुरे सर्किटच असते. म्हणून या चुकीला पकडणारा उपाय एकच आहे: उत्तर आल्यावर पुन्हा मूळ चित्राकडे जाऊन धन टोकावरचे व्होल्टेज मोठे आले आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहणे. स्वतः लिहिलेल्या समीकरणात किंमत घालून पाहण्याचा इथे उपयोग नाही, कारण चूक त्या समीकरणातच आहे.

पहिल्या दोन चुका पकडण्यासाठी मी मुलांना एकच कसोटी करायला लावतो, आणि ती या सगळ्या लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. v1 आणि v2 मिळाल्यावर सोर्सचा करंट i दोन्ही बाजूंनी वेगवेगळा काढावा, एकदा नोड १ च्या केसीएलवरून आणि एकदा नोड २ च्या केसीएलवरून. सोर्स एकच आहे, म्हणून दोन्ही किमती एकच यायला हव्यात.

बरोबर उत्तरावर ही कसोटी लावून पाहू. नोड १ वर ४ ओहममधून (24 - 12)/4, म्हणजे ३ अँपिअर येतात. १२ ओहममधून १ अँपिअर ग्राउंडला जातो, ६ ओहममधून १ अँपिअर नोड २ कडे जातो, आणि उरलेला १ अँपिअर सोर्समधून जातो. नोड २ वर ३ ओहममधून 6/3, म्हणजे २ अँपिअर ग्राउंडला जातात. त्यातला १ अँपिअर ६ ओहममधून आला, म्हणून दुसरा १ अँपिअर सोर्समधूनच आला असला पाहिजे. दोन्ही बाजूंनी i = 1. उत्तर टिकले.

आता पहिल्या विद्यार्थ्याचे १५ आणि ९ घ्या. नोड १ कडून i = 0 येतो, आणि तो येणारच, कारण त्याने तो शून्यच मानला होता. पण नोड २ वर ३ ओहममधून ३ अँपिअर जातात, ६ ओहममधून १ च येतो, म्हणजे सोर्सने २ अँपिअर आणले असले पाहिजेत. एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला दोन, असा सोर्स असू शकत नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या ९ आणि ३ मध्ये हेच उलट बाजूने दिसते: नोड २ कडून शून्य, नोड १ कडून दोन. ६ ओहमचे पद जास्तीचे घातलेल्या १०.५ आणि ४.५ या उत्तरात नोड १ कडून १.५ आणि नोड २ कडून ०.५ येतो. इथे तफावत नेमकी १ अँपिअरची आहे आणि ६ ओहममधला करंटही नेमका १ अँपिअर आहे. म्हणजे ही कसोटी चूक आहे एवढेच दाखवत नाही, तर ती कोणत्या घटकामुळे झाली याचाही माग देते. तफावत एखाद्या आतल्या रेझिस्टरच्या करंटाएवढी निघाली, की आधी त्याच रेझिस्टरच्या पदाकडे पाहावे.

कसोटी करताना दोन्ही नोडांचे करंट चित्रावरून नव्याने मोजावेत. आधीच्या समीकरणाची ओळ तशीच उचलली तर गळलेला घटक तिथेही गळलेलाच राहतो. माझी सवय अशी आहे, की नोडवर बोट ठेवून तिथून निघणाऱ्या तारा मोजायच्या आणि केसीएलमध्ये तेवढीच पदे आहेत का ते पाहायचे. नोड १ ला चार तारा आहेत, म्हणून चार पदे.

i मिळाल्यावर पॉवरचा हिशेबही एकदा मांडून पाहावा, कारण त्यातून या सर्किटची एक वेगळी बाजू दिसते. २४ व्होल्टचा सोर्स ३ अँपिअर देतो, म्हणजे ७२ वॅट. ४ ओहममध्ये ३६, १२ ओहममध्ये १२, ३ ओहममध्ये १२ आणि ६ ओहममध्ये ६ वॅट खर्च होतात. ही बेरीज ६६ होते. राहिलेले ६ वॅट ६ व्होल्टचा सोर्स घेतो. i धन आला, म्हणजे करंट त्याच्या धन टोकातून आत शिरतो आहे. हा सोर्स पॉवर देत नाही, बॅटरी चार्ज व्हावी तशी तो ती घेत आहे. सोर्स म्हटला की तो देणाराच असणार, या समजुतीने मुले इथे ६ वॅट डाव्या बाजूला टाकतात, ७८ आणि ६६ यांचा मेळ बसत नाही, आणि मग बरोबर असलेली नोड व्होल्टेजेही खोडून टाकतात. चिन्ह i वरून ठरवावे, सोर्सच्या नावावरून नव्हे.

संगणकावर पडताळायचे असेल, तर एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये हे सर्किट काही ओळींत बसते.

```
supernode check
VS 3 0 DC 24
RA 3 1 4
RB 1 0 12
RC 2 0 3
RD 1 2 6
VF 1 2 DC 6
.op
.end
```

ही फाइल ngspice -b ने चालवली की नोड १ वर १२, नोड २ वर ६ आणि vf#branch समोर १ दिसतो. vs#branch समोर मात्र उणे ३ दिसेल. या प्रोग्रॅममध्ये सोर्सच्या धन टोकातून आत जाणारा करंट धन मानतात, म्हणून जो सोर्स पॉवर देतो त्याचा आकडा ऋण येतो. ते पाहून बिचकू नये. हा प्रोग्रॅम सुपरनोड काढत बसत नाही, तो प्रत्येक व्होल्टेज सोर्सचा करंट वेगळे अज्ञात म्हणून समीकरणांत घालतो, म्हणजे आपण वर i घालून जे लिहिले तेच करतो. या रीतीला सुधारित नोडल पद्धत म्हणतात आणि चुंग-वेन हो, रुएली व ब्रेनन यांनी ती १९७५ मध्ये मांडली. हातांनी सोडवताना एक अज्ञात कमी झालेले बरे, म्हणून आपल्याला सुपरनोड सोयीचा. यंत्राला तीच रीत सगळीकडे लागू पडणे सोयीचे.

हेच सर्किट टेबलावर जोडून मोजायचे असेल तर ओहमच्या जागी किलोओहम घ्यावेत, म्हणजे व्होल्टेजे तीच राहतात आणि करंट मिलिअँपिअरमध्ये येतात. त्यासाठी १२ किलोओहमचे दहा रेझिस्टर पुरतात: एक तसाच, दोन समांतर जोडून ६, तीन समांतर जोडून ४ आणि चार समांतर जोडून ३ किलोओहम. अडचण येते ती ६ व्होल्टच्या सप्लायची, आणि तिचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार असा. काही दुहेरी सप्लायमध्ये दोन्ही आउटपुटची ऋण टोके आतून एकमेकांना जोडलेली असतात. २४ व्होल्टचे ऋण टोक ग्राउंडला असल्यामुळे ६ व्होल्टचे ऋण टोक, म्हणजे नोड २, सुद्धा ग्राउंडला जाऊन बसतो. मीटरवर नोड २ ला शून्य आणि नोड १ ला ६ दिसले, तर समीकरणे पुन्हा तपासण्याआधी हे पाहावे. सप्लाय बंद आणि सर्किटपासून सुटा करून दोन्ही ऋण टोकांमध्ये मल्टिमीटरने कंटिन्युइटी तपासली की लगेच कळते. सोर्स फ्लोटिंग हवा, म्हणजे त्याची दोन्ही टोके ग्राउंडपासून खरोखर सुटी हवीत.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. साधा बेंच सप्लाय करंट देऊ शकतो, घेऊ शकत नाही; आणि आपल्या सर्किटमध्ये तर १ मिलिअँपिअर त्याच्या धन टोकातून आत ढकलला जातो. सप्लायच्या आत आउटपुटवर थोडा कायमचा भार असेल तर तेवढा करंट तो पचवतो आणि मोजमाप बरोबर येते. तसा भार नसेल तर सप्लायचे नियंत्रण सुटते, त्याचा करंट जवळपास शून्य होतो आणि नोडांमधला फरक ६ सोडून वर सरकतो. कुठपर्यंत? सोर्स उपटून काढला तर येतो तेवढा, म्हणजे ९ व्होल्टच्या दिशेने. मीटरवर १३.५ आणि ४.५ च्या आसपास आकडे दिसले, तर कागदावरचे गणित बरोबर आहे आणि सप्लाय आपले काम करत नाही, असे निदान करावे.

यावरचा उपाय सुपरनोडच्या समीकरणातच आहे. सोर्सला समांतर रोध जोडल्याने नोड व्होल्टेज बदलत नाही, हे आपण पाहिले. म्हणून ६ व्होल्टच्या सप्लायच्या टोकांवर १.२ किलोओहमचा एक रेझिस्टर थेट जोडावा. त्यात ५ मिलिअँपिअर जातात. सर्किट १ मिलिअँपिअर ढकलते, उरलेले ४ मिलिअँपिअर सप्लाय देतो. आता तो देणाऱ्या बाजूला आहे आणि नीट चालतो. रेझिस्टरमध्ये ३० मिलिवॅटच खर्च होतात, त्यामुळे पाव वॅटचा साधा रेझिस्टर पुरतो. नोड १ वर १२ आणि नोड २ वर ६ हे आकडे रेझिस्टरांच्या टॉलरन्सएवढ्या फरकाने मिळतात.

सुपरनोड कुठे काढू नये, हेही सांगायला हवे, कारण तो शिकल्यावर मुले तो जिथे तिथे काढू लागतात. ६ व्होल्टच्या सोर्ससोबत एकसर २ ओहमचा रेझिस्टर असता, तर सुपरनोडची गरजच नव्हती. त्या शाखेतला करंट (v1 - v2 - 6)/2 असा सरळ लिहिता येतो आणि नोड १ व नोड २ ची केसीएल नेहमीसारखी मांडता येते. तसेच फ्लोटिंग दिसणाऱ्या सोर्सचे एक टोक आधीच माहीत असलेल्या नोडवर असेल, समजा ६ व्होल्टचा सोर्स नोड ३ आणि नोड १ यांच्यामध्ये असेल आणि त्याचे धन टोक नोड ३ वर असेल, तर v1 = 24 - 6 = 18 हे तिथल्या तिथे मिळते. अशा वेळी नोड ३ आणि नोड १ यांची तुटक रेषा काढून केसीएल लिहिणाऱ्याला २४ व्होल्टच्या सोर्सचा करंट कसा लिहावा हा प्रश्न पडतो, आणि तो पडला की समजावे, रेषा नको तिथे काढली आहे. त्या रेषेला एक व्होल्टेज सोर्स अजून ओलांडतो आहे.

दोन फ्लोटिंग सोर्स साखळीसारखे जोडलेले असतील, एक नोड १ आणि २ मध्ये, दुसरा नोड २ आणि ४ मध्ये, तर तिन्ही नोड एकाच तुटक रेषेत घ्यावेत. दोन वेगळे सुपरनोड काढले तर पहिल्याला दुसरा सोर्स ओलांडत राहतो आणि त्याचा करंट पुन्हा अज्ञात उरतो. तीन नोडांच्या त्या एका सुपरनोडला केसीएल एकच आणि फरकाच्या अटी दोन, म्हणजे तीन अज्ञातांना तीन समीकरणे. सोर्स परावलंबी असेल, उदाहरणार्थ त्याचे व्होल्टेज १२ ओहमवरच्या व्होल्टेजच्या निम्मे असेल, तर केसीएल जशीच्या तशी राहते आणि अट तेवढी v1 - v2 = 0.5 v1 अशी होते, म्हणजे v2 = 0.5 v1. मग 4v1 + 4v2 = 72 यातून v1 पुन्हा १२ आणि v2 पुन्हा ६ येते, कारण १२ चा निम्मा ६ च होतो. इथेही सोर्सचा करंट दोन्ही नोडांकडून काढून पाहावा. तो दोन्ही बाजूंनी १ अँपिअरच मिळतो.